१४.४ किलोची दोन मुलं आणि एक आदर्श उत्तर

आहारशास्त्राच्या परीक्षेत एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरून फिरून येतो. आकडे बदलतात, मुलाचं वय वर्षभराने पुढे-मागे होतं, पण साचा तोच. तुम्ही पीएचडी प्रवेशाची किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात सोडवलाच असेल. साधारण असा:

‘४ वर्षांचा मुलगा. वजन १४.४ किलो. आईची तक्रार : काहीच खात नाही, भाज्या बघितल्या की तोंड फिरवतो. दिवसातून चार वेळा दूध पितो, बिस्किटं खातो. हिमोग्लोबिन १०.२. या बालकासाठी एक दिवसाचा आहार आखा आणि आईला समुपदेशन करा. गुण १०.’

मी एमएस्सीला होते तेव्हा याचं ‘आदर्श उत्तर’ आम्ही झेरॉक्स करून वाटून घेतलं होतं. अजूनही गाइडांमध्ये तेच आहे. ४ ते ६ वर्षं या गटाची ऊर्जेची गरज १३६० किलोकॅलरी, प्रथिनं १६ ग्रॅम, लोह ११ मिलिग्रॅम, कॅल्शियम ५५० मिलिग्रॅम, असं वर लिहायचं. मग सकाळी दूध, नाश्त्याला पालक पराठा, दुपारी बिटाची पोळी, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व, रात्री मिश्र भाज्यांची खिचडी. शेवटी चार ओळी : पदार्थ आकर्षक आकारात द्या, भाज्या लपवून द्या, गोष्टी सांगत भरवा, संपवलं तर कौतुक करा. या उत्तराला माझ्या माहितीत कुणालाही सातपेक्षा कमी गुण पडलेले नाहीत. मलाही साडेसात पडले होते.

आज त्या उत्तराची चिरफाड करायची आहे. उत्तर आळशी आहे एवढीच माझी तक्रार असती तर लिहिलं नसतं. अडचण अशी आहे की हे उत्तर एका मुलाच्या बाबतीत निरुपयोगी ठरतं आणि त्याच वजनाच्या, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत चक्क घातक. आणि प्रश्न असा रचलाय की यातला कोणता मुलगा समोर बसलाय हे कळायला मार्गच नाही.

आधी दुधाचा हिशोब करू. तो प्रश्नातच दडलेला आहे, पण आदर्श उत्तरात कुणी करत नाही. चार वेळा दूध म्हणजे घरातला मोठा कप धरला तर प्रत्येकी २२५ मिली, दिवसाचं ९०० मिली. गायीच्या दुधाच्या १०० मिलीत साधारण ६७ किलोकॅलरी असतात, म्हणजे ६०० किलोकॅलरी इथेच झाल्या. प्रत्येक कपात दोन छोटे चमचे साखर, म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे ४० किलोकॅलरी. चार कपांच्या १६०. सहा बिस्किटं, प्रत्येकी २० च्या आसपास, १२० धरू. एकूण ८८०. घरी म्हशीचं दूध असेल तर आकडा याहून बराच वर जाईल, पण तूर्त गायीवरच थांबू.

आता गरज किती? इथे आदर्श उत्तर पहिल्यांदा घसरतं. १३६० हा आकडा आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशींतला आहे, बरोबर आहे, पण तो १८.३ किलोच्या संदर्भ-बालकासाठी आहे. म्हणजे किलोमागे साधारण ७४ किलोकॅलरी. आपला मुलगा १४.४ किलोचा. ७४ ने गुणा : १०७० च्या आसपास. त्यातले ८८० दूध, साखर आणि बिस्किटांनी आधीच भरले. उरले १९०. हे १९० म्हणजे तूप लावलेली एक पोळी आणि चार घास वरण-भात.

आता आईचं वाक्य परत वाचा : ‘काहीच खात नाही, दोन घास घेतो आणि उठतो.’ बरोबरच आहे की! त्याला भूकच तेवढी उरली आहे. हा मुलगा हट्टी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे. आणि दुधात लोह नगण्य असतं, वर कॅल्शियम आणि केसीन लोहाच्या शोषणाच्या आड येतात. ९०० मिली दुधातून कॅल्शियम मिळतं १०८० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट, आणि हिमोग्लोबिन १०.२. या वयाला ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, १० ते १०.९ म्हणजे सौम्य. प्रश्नातले सगळे तुकडे आता एकमेकांना जुळतात. पण आदर्श उत्तराने काय केलं? दिवसाची सुरुवात दुधाने केली आणि संध्याकाळी नाचणीचं सत्त्वही दुधातच शिजवलं! जुन्या चार कपांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ८८० तसेच राहणार आणि त्यावर आपण १३६० चा नवा मनोरा रचणार. ही बेरीज कुठल्या पोटात मावणार?

आता दुसरा, माझ्या मते जास्त गंभीर मुद्दा. प्रश्नात वजन एकदाच दिलंय. ४ वर्षांच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांत मध्यक १६.३ किलो आहे आणि १४.४ किलो बरोबर उणे १ झेड-स्कोअरच्या रेषेवर बसतं. उणे २ च्या खाली गेला, म्हणजे १२.७ पेक्षा कमी भरला, तर त्याला कमी वजनाचा म्हणायचं. मग हा १४.४ वाला ठीक आहे का? वजनाच्या एका बिंदूवरून काहीही सांगता येत नाही. वाढ ही रेषा असते, आणि रेषेला निदान दोन बिंदू लागतात. (शाळेतल्या भूमितीची उजळणी, पण केस वाचताना आपण ती नेमकी विसरतो.)

दोन मुलं कल्पून बघा. पहिला दोन वर्षांचा असताना १०.८ किलोचा होता, तीनचा झाला तेव्हा १२.७, आज १४.४. तिन्ही बिंदू उणे १ च्याच रेषेवर. उंची ९९ सेंटीमीटर, तीही त्याच रेषेवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन ठीक. आई-वडील बुटके, सडपातळ. हा मुलगा आपल्या वाटेने शांतपणे वाढतो आहे. भाज्यांना नाक मुरडतो, जे दोन ते सहा वर्षांच्या टप्प्यात अनेक मुलं करतात आणि पुढे बहुतेकांचं कमी होत जातं.

दुसरा तीन वर्षांचा असताना १४.३ किलो होता, म्हणजे मध्यकावर. साडेतीनला १५.३, पुन्हा मध्यकावर. आज १४.४. उंची १०३, मध्यकावरच. म्हणजे सहा महिन्यांत ९०० ग्रॅम कमी झाले आणि उंचीच्या मानाने वजन उणे १ च्या खाली सरकलं. आईला नीट विचारलं तर कळतं : सहा महिन्यांपूर्वी शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा घशात अडकला होता, पाठीत थापट्या मारून निघाला. त्यानंतर आधी चिक्की बंद, मग पोळी, मग भात. आता दूध आणि दुधात भिजवलेली बिस्किटं. भूक लागते, ताटाजवळ येतो, घास तोंडापर्यंत नेतो आणि रडतो.

आजचं वजन दोघांचं एकच. वय एकच. ‘काहीच खात नाही, दूध-बिस्किटावर आहे’ हे आईचं वाक्यही शब्दशः एकच. रक्ताचा रिपोर्टसुद्धा एकसारखा येऊ शकतो. परीक्षेतल्या प्रश्नात दोघंही मावतात.

पण दुसऱ्याच्या बाबतीत आपण ‘खाण्याची कटकट’ या शब्दांत बोलूच शकत नाही. इथे एआरएफआयडी, म्हणजे अन्न टाळण्याच्या किंवा मर्यादित करण्याच्या विकाराचा विचार करावा लागतो. हे निदान २०१३ मध्ये डीएसएम-५ मध्ये आलं. गाइडांमध्ये बरेचदा याची ओळख ‘अति निवडक खाणं’ अशा एका ओळीत करून देतात, आणि तिथेच घोटाळा होतो. निकष ‘किती कमी पदार्थ खातो’ हा नाही. त्या टाळण्यामुळे काय झालं, हा आहे. वजन लक्षणीय घटलं किंवा अपेक्षित वाढ खुंटली, पोषणाची ठळक कमतरता झाली, नळीने किंवा तोंडाने दिलेल्या पूरक आहारावर अवलंबून राहावं लागलं, किंवा घरचं-बाहेरचं जगणं विस्कटलं, यातलं काहीतरी एक घडलेलं असावं लागतं. जोडीला, घरात अन्नच नाही म्हणून किंवा उपवासासारख्या रूढीमुळे हे घडत नसावं, दुसऱ्या आजाराने त्याचा पूर्ण उलगडा होत नसावा, आणि आपल्या वजनाबद्दल-आकाराबद्दल विकृत धारणा नसावी. शेवटची अट अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसापासून याला वेगळं करते. चार वर्षांच्या पोराला जाड होण्याची भीती वाटत नाही, हे कुणीही सांगेल, तरीही ‘लहान मुलांतील खाण्याचे विकार’ या धड्यात अ‍ॅनोरेक्सियाला चार पानं आणि एआरएफआयडीला चार ओळी, हे प्रमाण मला अनेक पुस्तकांत दिसलंय.

एआरएफआयडीमध्ये सर्वसाधारणपणे तीन चेहरे दिसतात : खाण्यात रसच नसणं, चव-वास-पोताचा अतिशय त्रास होणं, आणि खाल्लं तर काहीतरी वाईट होईल ही भीती. आपला दुसरा मुलगा तिसऱ्या प्रकारात बसण्याची शक्यता आहे. ‘शक्यता’ हा शब्द जपून वापरलाय. निदान आहारतज्ज्ञाने करायचं नसतं, आणि गिळताना खरंच कुठे अडथळा, सूज किंवा दुखणं आहे का, हे बालरोगतज्ज्ञाने आधी बघायला हवं. खाताना खोकला येणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, सतत जुलाब, वजन घटणं, बोलण्या-चालण्यातला विकास मागे असणं, यातलं काहीही दिसलं की आहार आखायच्या आधी चिठ्ठी लिहायची. आदर्श उत्तरात ‘डॉक्टरांकडे पाठवा’ हे दोन शब्दही नसतात. रक्तक्षयासाठीसुद्धा नाहीत. १०.२ हिमोग्लोबिन नुसत्या पालक पराठ्याने वर येत नाही; लोहाचं औषध द्यायचं का आणि किती, हे डॉक्टर ठरवतात, आपण आहाराची बाजू सांभाळतो. आणि लोहाच्या कमतरतेने भूकही मंदावते, म्हणजे औषधाला उशीर झाला तर आपला आहारतक्ताही पडूनच राहतो.

आता मी वर ‘घातक’ का म्हटलं ते सांगते. पहिल्या मुलासाठी बरोबर सल्ला एका ओळीत असा : दूध कमी करा, भूक लागू द्या. तोच सल्ला दुसऱ्याला दिला तर? त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा दुधातून येते आहे. दूध काढून घेतलं तर तो भुकेपोटी पोळी खाईल असं नाही, कारण त्याला भूक आहेच. त्याला अडवते आहे ती भीती. तो आणखी ९०० ग्रॅम गमावेल. त्याच्या बाबतीत आत्ता दूध राखायचं, त्यातच ऊर्जा वाढवायची, जे पोत तो सहन करतो त्यातूनच पुढची पायरी घ्यायची आणि भीतीवर काम मानसोपचारतज्ज्ञांसोबत करायचं. भिजलेल्या बिस्किटानंतर दुधातली पातळ खीर, मग दाटसर खीर, मग कुस्करलेला दहीभात. प्रत्येक पायरीवर त्याने ‘हे चालतंय’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका मुलाचं औषध दुसऱ्याचं विष, आणि प्रश्नपत्रिकेत दोघांचा चेहरा एक.

आता पहिल्या मुलाकडे परत येऊ, कारण तुमच्याकडे येणाऱ्या दहातली बहुतेक मुलं त्याच्यासारखीच असणार. त्याच्या समुपदेशनाला आदर्श उत्तरात एक गुण असतो आणि तक्त्याला चार. माझ्या मते हे उलटं हवं. तक्ता घरी जाऊन फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो.

पहिलं काम दुधाचं. चारवरून दोन कपांवर, प्रत्येकी २०० मिली. एका दिवसात नाही, दोनेक आठवड्यांत : आधी जेवणाच्या अगोदरचा कप जातो, मग रात्री झोपतानाचा, साखर दोन चमच्यांवरून एकावर. हिशोब बघा. ४०० मिली दूध म्हणजे २६८ किलोकॅलरी, साखरेच्या ४०, झाले ३०८. आधी दूध-साखरेचे होते ७६०. साडेचारशे किलोकॅलरीची भूक मोकळी झाली. आणि कॅल्शियम? ४८० मिलिग्रॅम, म्हणजे ५५० च्या अगदी जवळ. एक छोटी वाटी दही पुरेल. ‘दूध कमी केलं तर हाडं कशी वाढणार?’ असं आजी विचारणारच, तेव्हा हा आकडा हाताशी ठेवा.

दुसरं, वेळा. तीन जेवणं आणि दोन मधल्या वेळचं खाणं, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, त्या अंतरात फक्त पाणी. एका बैठकीला वीस-तीस मिनिटं, मग ताट उचलायचं, खाल्लं असो-नसो, चेहऱ्यावर काही न दाखवता. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कौटुंबिक समुपदेशक यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी इथे उपयोगी पडते : काय, केव्हा आणि कुठे हे पालक ठरवतील, खायचं की नाही आणि किती, हे मूल ठरवेल. ऐकायला सोपं आहे. आपल्या घरात सगळ्यात अवघड हेच, कारण चिऊ-काऊचा घास भरवत आपण नेमकी दुसरी अर्धी जबाबदारीही मुलाकडून काढून घेतलेली असते. आई ऐकते, पण दुपारी घरात असते आजी. म्हणून समुपदेशनाला ‘मुलाला खरोखर कोण भरवतं?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारा आणि त्या व्यक्तीला पुढच्या खेपेला बोलवा.

तिसरं, नवा पदार्थ. ताटात एक तरी पदार्थ असा हवा जो तो नक्की खातो, म्हणजे त्याचा पांढरा भात. शेजारी वाटाण्याएवढी भाजी. खायची सक्ती नाही. हात लावला, वास घेतला, थुंकली, सगळं चालेल. आठ ते पंधरा वेळा चव घेतल्यावर मुलं नवा पदार्थ स्वीकारायला लागतात, असं या विषयातलं संशोधन सांगतं. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेला ‘त्याला नाहीच आवडत’ म्हणून थांबतात. ओळखीच्या पदार्थातून पुढेही सरकता येतं : पांढरा भात, मग त्यावर तूप, मग वरणाचं नुसतं पाणी, मग साधं वरण, मग त्यात मऊ शिजलेल्या दुधी भोपळ्याची एक फोड, दिसेल अशी.

‘दिसेल अशी’वर माझा भर आहे, कारण आदर्श उत्तर भाजी लपवायला सांगतं. लपवलेल्या पालकातून मूल पालक खायला शिकत नाही. त्याला तो दिसलेलाच नसतो. आणि एक दिवस पोळीत हिरवा धागा सापडला की पोळीवरचाही विश्वास जातो. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या यादीतून एक खात्रीचा पदार्थ गमावणं हे मोठं नुकसान आहे.

‘संपवलं तर कौतुक करा, बक्षीस द्या’ याबद्दल थोडं सावध बोलायला हवं, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे नीट बघावं. २००६ मध्ये गॅलोवे, बर्च आणि सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. दोन सूप. एका सूपच्या वेळी मोठी माणसं ‘सूप संपव’ असं पुन्हा पुन्हा म्हणत, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हणत नसत. दबाव नव्हता तेव्हा मुलांनी सूप जास्त खाल्लं आणि तक्रारी कमी केल्या. प्रयोग सुबक आहे, पण मुलं तीसहूनही कमी, एकाच ठिकाणची, आणि दबाव टाकणारी माणसं त्यांची आई-आजी नव्हती. दुसरीकडे, सर्वेक्षणांतून ‘दबाव टाकणाऱ्या घरांतली मुलं जास्त निवडक असतात’ असं दिसतं, तेव्हा बाण कुठल्या दिशेचा हे त्यातून कळत नाही. मूल बारीक आणि कमी खाणारं आहे म्हणूनच आई मागे लागली असेल. म्हणून आईला ‘तुमच्यामुळे हा असा झाला’ असं सुचवणारं एकही वाक्य समुपदेशनात येऊ देऊ नका. पुरावा तेवढं म्हणत नाही.

महिन्याने ही आई परत येते तेव्हा काय मोजायचं? वजन मोजा, पण महिन्याभरात त्यातून फारसं कळणार नाही. या वयात वर्षाला दोनेक किलो वाढतात, महिन्याचा फरक कपड्यांच्या वजनात हरवतो. दुधाचे कप किती उरले, जेवायला स्वतःहून किती वेळा बसला, ताटात नवीन काय येऊन गेलं, हे विचारा. तीन महिन्यांनी वजन-उंचीचा पुढचा बिंदू रेषेवर टाका. रेषा खाली वळली, तर आपला पहिला अंदाज चुकला असं समजून वरची धोक्याच्या खुणांची यादी परत पहिल्यापासून तपासायची.

आता प्रश्न उरतो परीक्षेचा, कारण प्रश्न तर तसाच येणार आहे आणि तुम्हाला गुण हवेत. मी सध्या ज्यांना शिकवते त्यांना सांगते की उत्तराच्या सुरुवातीला तीन ओळी घाला : ‘मागच्या वर्षभरातली वजन-उंची दिलेली नाही. मूल आपल्या वाढरेषेवर आहे, गिळण्याचा त्रास किंवा घशात अडकल्याचा प्रसंग नाही, असं गृहीत धरून पुढील आखणी केली आहे. तसं नसल्यास दूध कमी करू नये, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावं.’ मग दुधाचा हिशोब, गरज वजनाप्रमाणे, रक्तक्षयासाठी डॉक्टरांचा सल्ला, आणि तक्ता शेवटी, तोही छोटा. मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने असंच उत्तर लिहिलं. तिला सहा पडले. तपासणाऱ्यांनी समासात लिहिलं होतं, ‘पालक पराठा कुठे आहे?’